गिअरच्या जागी आडव्या रेघा आणि लुकलुकणारा डी: टीसीएम बदलायच्या आधी काय तपासाल

माझी गाडी म्हणजे दहा वर्षांची सेडान. सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. मागच्या पावसाळ्यात तिला एक खोड लागली. संध्याकाळी ऑफिसातून येताना सिंहगड रोडवर एखाद्या खड्ड्यात चाक आपटलं की डॅशबोर्डवरचा डी गायब व्हायचा आणि त्या जागी दोन आडव्या रेघा यायच्या. दोन-तीन सेकंदांत डी परत यायचा, पण लुकलुकत. त्यानंतर गाडी तिसऱ्या गिअरला जी अडकायची ती अडकायचीच. सिग्नलवरून निघताना भरल्या बैलगाडीसारखी उठायची, मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. कडेला घेऊन इंजिन बंद केलं, मिनिटभर थांबून पुन्हा चालू केलं की जणू काही झालंच नव्हतं. मग दोन-चार दिवस शांतता, आणि पुन्हा तेच.

एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. U0101 आला. तिथले गृहस्थ स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "टीसीएम गेलाय साहेब. नवा बसवावा लागेल. सेहेचाळीस हजार, कोडिंगचे वेगळे." टीसीएम म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि घरी आलो. त्या दोन दिवसांचे पुढे तीन आठवडे झाले, पण टीसीएम आजही तोच आहे. या शोधात जे हाती लागलं ते लिहितोय, कारण हेच लक्षण आणि हाच सल्ला नंतर आणखी तिघांकडून ऐकला.

रेघा वेगळ्या, लुकलुकणं वेगळं

डॅशबोर्डवर दिसणारं अक्षर थेट लिव्हरवरून येत नाही. लिव्हर हलवला की एक केबल गिअरबॉक्सवरचा रेंज स्विच फिरवते. तो स्विच आपली जागा काही तारांवरून टीसीएमला कळवतो. टीसीएम ती वाचतो, खरी वाटते का ते पारखतो, आणि मग कॅन नावाच्या दोन पिळलेल्या तारांवरून दर सेकंदाला कितीतरी वेळा तो निरोप बाकीच्या गाडीला पाठवत राहतो. डॅशबोर्ड फक्त आलेला निरोप दाखवतो.

निरोपच आला नाही, तर डॅशबोर्डने काय दाखवायचं? जुना डी तसाच ठेवला तर ते खोटं बोलणं झालं. म्हणून ठराविक वेळ वाट पाहून तो रेघा दाखवतो किंवा जागा कोरी सोडतो. रेघा म्हणजे समोरून आवाज बंद. कधीकधी टीसीएम बोलत असतो, पण 'लिव्हर कुठे आहे ते मला कळत नाही' असं सांगतो. तेव्हाही काही गाड्या रेघाच दाखवतात.

लुकलुकणाऱ्या अक्षराचा अर्थ याच्या जवळजवळ उलट. लुकलुकवा हा निरोप कोणीतरी पाठवल्याशिवाय अक्षर लुकलुकत नाही. म्हणजे टीसीएम जागा आहे, बोलतोय, आणि त्याने स्वतःच्या आठवणीत एक दोष नोंदवून ठेवलाय.

त्यामुळे आधी काय आलं हे बघणं फार मोलाचं असतं. माझ्याकडे आधी रेघा, मग लुकलुकणं. याचा सरळ अर्थ असा की टीसीएम दोन-तीन सेकंद बेशुद्ध पडला, पुन्हा उठला, उठल्यावर त्याला काहीतरी बिनसल्याचं आठवलं आणि त्याने गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे एकाच गिअरवर रखडत चालायच्या बचावाच्या अवस्थेत, टाकली. नुसतं लुकलुकणं, रेघा अजिबात नाहीत, असं असतं तर मी वीज आणि तारांच्या वाटेला गेलोच नसतो. सरळ रेंज स्विच किंवा गिअरबॉक्सच्या आतल्या सोलेनॉइडकडे, म्हणजे तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या विजेच्या झडपांकडे, बघितलं असतं. हा क्रम गाडी चालवणाऱ्याला दिसतो, वर्कशॉपच्या स्कॅनरला दिसत नाही. शक्य असेल तर शेजारी बसलेल्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा.

तिसऱ्या गिअरचंही सांगून टाकतो, कारण माझी निम्मी भीती त्याचीच होती. अशा बऱ्याच गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइडची वीज काढून घेतली की तेलाचा दाब आपसूक एका ठरलेल्या गिअरला जातो. कुठे तो तिसरा असतो, कुठे चौथा किंवा पाचवा. गाडी रस्त्यात सोडून देण्यापेक्षा रखडत घरी पोचवावी म्हणून केलेली ही सोय आहे. क्लचपट्ट्या जळाल्याचं ते लक्षण नाही.

एएमटीवाल्यांसाठी एक इशारा. तुमच्याकडे एन लुकलुकण्याचा अर्थ बऱ्याचदा वेगळा असतो: लिव्हर एकीकडे आणि आतला खरा गिअर दुसरीकडे, किंवा ब्रेक न दाबता गिअर टाकायचा प्रयत्न झालाय. त्यासाठी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. इथून पुढचं बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठी आहे.

आणि रेघा दिसत असताना लिव्हरच्या खुणेवर विश्वास ठेवून उतरू नका. हँडब्रेक ओढा, मगच पाय काढा. बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढत नेऊ नका, इंजिन जी चाकं फिरवतं ती उचलून किंवा फ्लॅटबेडवरून न्या. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

U0101 कोणाच्या वहीत लिहिलाय

यू ने सुरू होणारे कोड संपर्काचे असतात. U0101 चा अर्थ 'टीसीएमशी संपर्क तुटला'. हा कोड टीसीएमने लिहिलेला नसतो. तो लिहितात इंजिनचा कॉम्प्युटर, एबीएस, डॅशबोर्ड, म्हणजे त्याच्या निरोपाची वाट पाहणारे बाकीचे लोक. वर्गात एक मुलगा गैरहजर आहे एवढंच हजेरीपटावरून कळतं. तो आजारी आहे, त्याची बस चुकली, की शाळेचं फाटक बंद होतं, हे हजेरीपट सांगत नाही. 'टीसीएम गेला' हे निदान U0101 मधून निघतच नाही.

म्हणून नुसता कोड विचारू नका, कोणत्या कॉम्प्युटरमध्ये कोणता कोड आहे ते विचारा. त्यासाठी सगळ्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लागतो. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ डोंगल साध्या अॅपवर बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतं आणि मग 'कोड काही नाही' असं वाटतं. नाना पेठेत एक बुजुर्ग ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे पूर्ण स्कॅन केला. इंजिन आणि एबीएस, दोघांत U0101. आणि खुद्द टीसीएममध्ये एकच कोड: P0562.

P0562 म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी. चाचांनी तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "इंजिनमध्ये हा कोड आहे का?" नव्हता. "मग बॅटरी, आल्टरनेटर दोन्ही ठीक. याच्याच ताटात कमी वाढलंय."

बॅटरी किंवा आल्टरनेटर खराब असता तर इंजिनच्या कॉम्प्युटरलाही कमी व्होल्टेज दिसलं असतं. फक्त टीसीएमला दिसलं, म्हणजे गळती बॅटरी आणि टीसीएम यांच्या मधल्या वाटेत आहे. नवा टीसीएम बसवला असता तर तोही त्याच वाटेवर उपाशी राहिला असता.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात, मीही आधी केली होती. गाडी अडकली की बॅटरीचा टर्मिनल काढून पुन्हा लावायचा. बऱ्याच गाड्यांत त्याने कोड पुसले जातात, कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची माहितीही जाते, आणि काही गाड्यांत गिअरबॉक्सने शिकून ठेवलेलं शिफ्टिंगही पुसलं जातं. आधी कोड लिहून घ्या, मग पान्याला हात लावा.

रेघा असताना टीसीएम उत्तर देतो का?

हा प्रश्न सोडवायला ते स्वस्त डोंगलही पुरतं, फक्त अॅपऐवजी टर्मिनल वापरायचं. मोबाइलवर ब्लूटूथ टर्मिनल उघडून या आज्ञा एकामागून एक पाठवा:

```
ATZ
ATSP0
ATH1
0100
```

पहिली डोंगल रीसेट करते, दुसरी गाडीची भाषा आपोआप ओळखायला सांगते, तिसरी उत्तर कोणाकडून आलं तो पत्ता दाखवायला सांगते. चौथी म्हणजे सगळ्यांना घातलेली हाक. निरोगी असताना माझी गाडी असं उत्तर देते:

```
7E8 06 41 00 BE 3F A8 13
7E9 06 41 00 80 00 00 01
```

7E8 हा इंजिनच्या कॉम्प्युटरचा पत्ता, 7E9 हा साधारणपणे टीसीएमचा. रेघा यायच्या आधीपासूनच, गाडी चालू असताना, पुन्हा पुन्हा `0100` पाठवत राहायचं. रेघा असतानाच्या दोन-तीन सेकंदांत मला फक्त 7E8 ची ओळ मिळाली, आणि डी लुकलुकायला लागताच 7E9 परत आला. टीसीएम खरोखरच बंद पडून उठत होता, डॅशबोर्डची चूक नव्हती. हे काम अर्थातच शेजारी बसलेल्याचं. माझ्या मेहुण्याने मांडीवर मोबाइल धरून नवले पूल ते वडगाव तीन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत खड्ड्याने साथ दिली. महापालिकेचे आभार मानायची ती पहिलीच वेळ.

या युक्तीला मर्यादा आहेत. काही गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर एकाच डब्यात असतो, काहींत टीसीएम या हाकेला मुळातच ओ देत नाही. म्हणून आधी गाडी चांगली असताना एकदा बघून ठेवा. तेव्हा 7E9 येत असेल तरच त्याच्या गैरहजेरीला अर्थ आहे.

रेघा असताना 7E9 व्यवस्थित येत राहिला असता, तर संशय उलट दिशेला गेला असता: डॅशबोर्ड स्वतः, किंवा त्याच्यापर्यंत जाणारा कॅनचा फाटा. आणि रेघांबरोबर एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे सगळेच दिवे पेटले असते, स्कॅनरवर यू कोडची रांग लागली असती, तर पूर्ण कॅनच बसला असं धरलं असतं. त्यासाठी बॅटरी सोडवून, स्कॅनर जोडतात त्या ओबीडी पोर्टच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजतात. 60 ओहमच्या आसपास आला तर ठीक. 120 आला तर दोनपैकी एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आला तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्यात. माझ्याकडे 61 आला, ते प्रकरण तिथेच मिटलं.

व्होल्ट कुठे हरवत होते

आता उरली वीज. टीसीएमला दोन वाटा लागतात: फ्यूजमधून येणारी पॉझिटिव्ह आणि बॉडीकडे परत जाणारी अर्थ. फ्यूज सगळे तपासतात, कारण तो दिसतो. अर्थकडे कोणी बघत नाही.

मी आधी ओहमवर मोजलं. टीसीएमच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत 0.4 ओहम. मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी 0.3 दिसतात, म्हणजे तार उत्तम, असं मी ठरवून मोकळा झालो. याच चुकीने माझा एक आठवडा खाल्ला. मल्टिमीटर ओहम मोजताना तारेतून अगदी थोडा, मिलिअँपिअरमधला प्रवाह सोडतो. तेवढा प्रवाह गंजलेल्या जोडातून, किंवा तुटत आलेल्या तारेच्या एकाच उरलेल्या केसातूनही आरामात जातो. खरं काम असतं काही अँपिअरचं. अर्थ मोजायची तर गाडी चालू ठेवून, भार टाकून, व्होल्टमध्ये मोजायची.

पद्धत अशी. हँडब्रेक ओढलेला, लिव्हर पी मध्ये, चाकांना विटा, इंजिन चालू. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावर. लाल टोक टीसीएमच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने, तारेच्या कडेने बारीक टाचणी सरकवून अर्थच्या पिनेवर. पिन कोणती ते वायरिंग डायग्रामवरून बघा. काळी तार म्हणजे अर्थच असं गृहीत धरू नका. तारेचं रबर टोचून भोक पाडू नका, पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. कॉम्प्युटरच्या अर्थवर भार असताना 0.1 व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं.

माझ्याकडे 0.3 दिसले. वाईट, पण कॉम्प्युटर झोपवण्याइतके नाहीत. मेहुणा सहज म्हणाला, "पाऊस असतो तेव्हा होतं ना? वायपर लाव." वायपरने काही झालं नाही. हेडलाइट लावले आणि आकडा 0.7 वर गेला.

तिथे कोडं सुटलं. आम्ही महिनाभर पाण्याला दोष देत होतो, पण दुखणं यायचं ते पावसाळी संध्याकाळी, म्हणजे हेडलाइट लागलेले असताना. डायग्राम उघडल्यावर कळलं की डाव्या हेडलाइटचा अर्थ आणि टीसीएमचा अर्थ एकाच थिंबलवर, म्हणजे बोल्टखाली आवळलेल्या तारेच्या टोकाच्या कडीवर, येतात, बॅटरीच्या ट्रेखाली. डावा दिवा जरा पिवळट दिसतो हे बायकोने दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. मी 'बल्ब जुना झालाय' म्हणून सोडून दिलं होतं.

हिशोब करून बघा. टीसीएम आणि सोलेनॉइड मिळून तीनेक अँपिअर. 55 वॅटचा हॅलोजन आणखी सव्वाचार-साडेचार. मिळून साधारण साडेसात. जोडात 0.1 ओहम असेल तर पाऊण व्होल्ट हरवतो, माझ्या 0.7 शी हे जुळतं. आता खड्ड्यात जोड हलला आणि तो 0.4 ओहम झाला, तर तीन व्होल्ट गेले. बॅटरीवर 13.9 असले तरी टीसीएमच्या वाट्याला 10.9. आणखी थोडा हलला की कॉम्प्युटर बंद. दिवे नसताना तोच 0.4 ओहम फक्त सव्वा व्होल्ट खातो, ते टीसीएम सहन करतो. म्हणून दुपारी त्याच रस्त्यावरच्या त्याच खड्ड्यात काहीही होत नव्हतं.

खात्रीसाठी दिवे चालू ठेवून लाकडी दांडक्याने ट्रे हलवला. आकडा 0.7 वरून 2.9, मग 3 च्या वर उडाला, आणि डॅशबोर्डवर पी च्या जागी रेघा आल्या. महिनाभर जिच्या मागे फिरलो ती खोड पार्किंगमध्ये हाताने घडवता आली, यापेक्षा भक्कम पुरावा काय हवा.

बॅटरी आणि ट्रे काढला. थिंबलवर पांढरी-हिरवी पूड, आणि बोल्ट बोटांनी फिरत होता. मे महिन्यात बॅटरी बदलली होती. तोच बोल्ट ट्रेही धरतो. बॅटरीवाल्याने तो सैल करून पुन्हा लावला, पण घट्ट केलाच नाही. पुढे ॲसिडच्या वाफेने आणि पावसाच्या ओलीने बाकीचं काम केलं. थिंबल कापून नवं दाबून बसवलं, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, बोल्ट 10 च्या पान्याने नीट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आवळल्यानंतर लावायची, आधी नाही. दिवे चालू ठेवून पुन्हा मोजलं: 0.02 व्होल्ट. खर्च थिंबलचे आणि चाचांच्या चहाचे धरून दोनशे रुपयांच्या आत.

तुमच्याकडे गोष्ट वेगळी निघाली तर

नुसतंच लुकलुकत असेल, रेघा कधीच नसतील आणि P0705 किंवा P0706 असेल, तर रेंज स्विचकडे जा. त्याची ओळख स्कॅनरशिवायही पटते. पी मध्ये सेल्फ लागत नाही पण एन मध्ये लागतो, किंवा आर टाकला तरी मागचा पांढरा दिवा कधी लागतो, कधी नाही. लिव्हर एकेका घराच्या मधोमध हळूहळू नेऊन बघा. अक्षर उशिरा बदलत असेल तर स्विच चांगला असून केबलचं बुश झिजलेलं असू शकतं, आणि ते फार स्वस्त असतं. स्विच गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला असेल तर त्याच्या कपलरमध्ये पाणी किंवा तेल आहे का ते आधी बघा. तेल तारेच्या आतल्या केसांमधून वर चढतं, ही ऐकीव गोष्ट नाही. मर्सिडीजच्या 722.6 या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये कपलरच्या सीलमधून गळलेलं तेल तारांमधून थेट टीसीएमपर्यंत पोचतं, हे त्या गाड्यांवर काम करणारे सगळे जाणतात.

आणि टीसीएम खरंच कधी दोषी असतो? रेघा असतानाच्या नेमक्या त्या क्षणी त्याच्या पिनांवर पॉझिटिव्ह पूर्ण आहे, अर्थ 0.1 च्या खाली आहे, कॅन 60 ओहम दाखवतोय, आणि तरीही 7E9 गायब आहे, तेव्हा. किंवा टीसीएमने स्वतःबद्दलच P0604, P0605 किंवा P0613 असा कोड लिहिलाय, म्हणजे त्याच्या आतल्या मेमरीची किंवा प्रोसेसरची तक्रार आहे, तेव्हा. यात बऱ्याचदा तापमानाचा ठसा दिसतो. सकाळी ठीक, पण एप्रिलच्या दुपारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास उभं राहिलं की रेघा, आणि गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. बोर्डावरचं एखादं सोल्डरिंग तडकलं की असं होतं, आणि ते कधीकधी दुरुस्तही होतं, टीसीएम बाहेर बसवलेला असेल तर. काही गिअरबॉक्समध्ये तो आत, तेलातच बसलेला असतो. मग नुसतं बघायचं तरी तेल सोडून सम्प उघडावा लागतो, आणि तिथे घरगुती प्रयोग थांबवलेले बरे.

जुना टीसीएम स्वस्तात मिळतो म्हणून लगेच उचलू नका. पार्ट नंबर सारखा असला तरी आतलं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं, आणि बऱ्याच गाड्यांत तो मूळ गाडीच्या नंबराशी बांधलेला असतो. कोडिंग कोण करणार आणि नाही जमलं तर परत घेणार का, हे आधी तोंडावर विचारून घ्या. बसवल्यावर अॅडॅप्टेशन करून गिअरबॉक्सला शिफ्टिंग पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर गिअर हिसके देत पडतात आणि तुम्हाला वाटतं नवाही खराबच निघाला.

माझ्या गाडीचं त्यानंतर खंबाटकी घाटात दोनदा, एआरएआयच्या टेकडीचा चढ कितीतरी वेळा झालाय, सगळं दिवे लावून आणि निम्मं पावसात. P0562 पुन्हा आला नाही. डावा दिवाही उजव्याइतकाच पांढरा दिसतो. बल्ब तोच आहे, हे बायको अधूनमधून आठवण करून देते.